डबा बाई आणि मान्यताप्राप्त अज्ञान

डबा बाईंना शाळेत कुणीच त्यांच्या खऱ्या नावाने ओळखत नसे. सहावीला विज्ञान शिकवणाऱ्या या बाई रोज हातात दोन पिशव्या घेऊन वर्गात शिरत आणि त्या पिशव्यांत डबेच डबे असत. एकात लोहचुंबक, एकात बिया, एकात मेणबत्तीचे तुकडे, एकात नुसती वाळू. जेवणाचाही एक डबा असे, पण तो नेहमी तळाशी जाई. एकदा चपातीऐवजी वाळूचा डबा उघडून त्या शिक्षकांच्या खोलीत बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या होत्या म्हणतात. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

स्वभावाने बाई भिडस्त. मोठ्या सरांच्या खोलीत जायचं म्हणजे दारातच दोनदा पदर सावरायच्या आणि एकदा परत फिरायच्या. घरी त्यांचे यजमान म्हणत, "अगं, तू चाळीस पोरांना गप्प करतेस आणि एका माणसापुढे तुझी दातखीळ बसते. हे विज्ञानात कुठे बसतं?"

"चाळीस पोरं ऐकून घेतात हो," बाई म्हणत.

मोठे सर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता, पण समानतेने झपाटलेला होता. "सगळ्यांना सारखं!" हा त्यांचा मंत्र. एका वर्षी थंडीत मुलांना स्वेटर वाटायचे ठरले, तर भेदभाव नको म्हणून सरांनी सगळे एकाच मापाचे आणले. पहिलीची मुलं त्यात नाहीशी झाली. शिपाई बाह्या उचलून आत कोण आहे ते बघत होता. आणि दहावीच्या मुलांनी ते डोक्यावर टोपीसारखे घातले. पण तक्रार करायला जागा नव्हती, कारण स्वेटर सगळ्यांना अगदी सारखे मिळाले होते.

अशा शाळेत, डबा बाईंच्या वर्गात, 'चौकशी' होती.

चौकशी म्हणजे चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईंची मुलगी. दिवसभर प्रश्न विचारायची म्हणून वर्गाने हे नाव ठेवलं होतं. "बाई, ओला कपडा सावलीत पण वाळतो, मग ऊन कशाला लागतं?" "बाई, चुंबक मध्ये तोडला तर त्याचं एकच टोक घरी नेता येईल का?" वर्गातला कुठलाही डबा उघडला की पहिलं डोकं तिचं आत. पण पुस्तक उघडलं की ती बंद. एक ओळ वाचायला तिला इतका वेळ लागे की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असे. वेलांट्या इकडच्या तिकडे होत, जोडाक्षर आलं की गाडी थेट रुळावरून खाली. लिहिताना तर 'बाष्पीभवन' हा शब्द तिने एकाच पानावर तीन प्रकारे लिहिला होता आणि तिन्ही चुकीचे होते. बाष्पीभवन म्हणजे काय हे मात्र तिने बाईंनाच समजावलं असतं.

तिच्या आईने सवयीने आधी डोळेच तपासून घेतले. एकदा नाही, दुकानात गिऱ्हाईक नसलं की दर वेळी.

"डोळे इतके चांगले आहेत बाई," आई म्हणाली, "की रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी तिला आमच्या काउंटरवरून दिसते."

"वाचता येते?"

"दिसते," आई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "सगळे म्हणतात आळशी आहे. माझे दीर म्हणतात, लाडाने बिघडवलीत."

डबा बाईंनी तिला मानसतज्ज्ञांकडे पाठवलं. तपासण्या झाल्या आणि कागद आला: डिस्लेक्सिया. बुद्धी उत्तम, ऐकून समजण्याची ताकद वयाच्या पुढची, अडचण आहे ती अक्षर आणि आवाज यांची सांगड झटपट घालण्यात. हा आळस नाही, डोळ्यांचा दोष नाही आणि वय वाढलं की आपोआप जाईल असंही नाही. सोबत शिफारस होती: परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचून दाखवणारा माणूस द्यावा, जादा वेळ द्यावा, आणि वाचन मात्र पद्धतशीर, आवाजांपासून, पायरीपायरीने शिकवत राहावं.

शेवटचं काम बाईंनी लगेच हातात घेतलं. शाळा सुटल्यावर थोडा वेळ त्या आणि चौकशी वाळूचा डबा घेऊन बसत. आवाज तोंडाने काढायचा, बोटाने वाळूत अक्षर काढायचं, शब्द तोडायचा, पुन्हा जोडायचा. काम गोगलगायीच्या गतीने चाले, पण चाले.

घाई होती ती दुसऱ्याच गोष्टीची. सहामाही परीक्षेत नापास होणाऱ्या मुलांना मोठे सर 'विशेष प्रगती वर्गा'त पाठवत. हा वर्ग मैदानाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे भरत असे. तिथून परत कुणी आल्याचं ऐकिवात नव्हतं. बाईंनी एकदा धीर करून विचारलं होतं, तेव्हा सर म्हणाले होते, "परत यायला कुणाची ना नाही. पण परत येण्याचा अर्ज अजून छापलेला नाही."

चौकशीला टाकीमागे जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच बाईंनी ठरवलं. मोठ्या सरांच्या दारात पदर दोनदा सावरला, आणि या वेळी परत न फिरता आत गेल्या.

सरांनी कागद वाचला. मग उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

"जादा वेळ! ठीक. नियम म्हणजे नियम. परीक्षेच्या दिवशी तिला अर्धा तास लवकर बोलवा."

"लवकर कशाला सर?"

"जादा वेळ नको का?"

"पण तेव्हा प्रश्नपत्रिका कुठे असेल?"

"प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकदमच मिळणार. सगळ्यांना सारखं!"

पहिल्या पेपरला, म्हणजे गणिताला, चौकशी खरोखर अर्धा तास लवकर येऊन रिकाम्या बाकावर हात बांधून बसली. नंतर बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, वेळ छान होता. पण त्याचं काय करायचं ते कळलं नाही." गणितात ती रडतखडत सुटली, कारण आकड्यांना वेलांट्या नसतात. विज्ञानाच्या पेपरला बाईंनी तो अर्धा तास शेवटाला सरकवून घेतला, पण त्यासाठी त्यांना सरांपुढे तीनदा उभं राहावं लागलं.

मग वाचून दाखवणाऱ्या माणसाचा प्रश्न आला. प्रश्न वाचून दाखवणारा माणूस त्या विषयाचा शिक्षक नसावा, नाहीतर तो आवाजातून उत्तर सुचवेल, असा नियम होता आणि त्यात तथ्य होतं. मोठ्या सरांनी मात्र नियमाच्या पुढे एक पाऊल टाकलं.

"नुसता दुसऱ्या विषयाचा शिक्षक चालणार नाही. त्याला विज्ञानातलं काहीही येता कामा नये. मी समिती नेमतो."

समितीत मोठे सर, हेडक्लार्क आणि नाइलाजाने डबा बाई. शाळेतल्या एकेकाला बोलावून त्याचं अज्ञान तपासणं सुरू झालं. गाण्याचे मास्तर बाद झाले. झाडं प्राणवायू सोडतात हे त्यांना माहीत होतं. ग्रंथपाल बाईंना तर दारातूनच परत पाठवलं. शिपायाने "विस्तव थंड कसा होतो" याचं इतकं बरोबर उत्तर दिलं की सर त्याच्याकडे संशयाने बघू लागले. शेवटी कवायतीचे सर आले. उंच, छाती पुढे, गळ्यात शिट्टी.

"पाणी कशापासून बनतं?" मोठ्या सरांनी विचारलं.

"नळापासून सर!"

"चंद्राला प्रकाश कोण देतं?"

"नगरपालिका असेल सर!"

मोठे सर उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. "अभिनंदन!"

दुसऱ्या दिवशी कवायत सर तीन सह्यांचं, शिक्का मारलेलं पत्र घेऊन डबा बाईंकडे आले. त्यात लिहिलं होतं: 'आपले विज्ञान विषयातील अज्ञान समितीने एकमताने मान्य केले आहे.'

"बाई, नोकरीत मला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र," ते म्हणाले. "पण हे घरी दाखवू कसं?"

"दाखवू नका हो सर. फक्त हळू, स्पष्ट वाचा. तिने पुन्हा म्हटलं की पुन्हा वाचा. आपल्या मनाचं काही घालू नका."

"मनात काही नाहीच, तसं पत्रातच आहे!"

परीक्षेच्या दिवशी चौकशीला आणि कवायत सरांना क्रीडासाहित्याच्या खोलीत बसवलं. तिथे गाद्या, ढोल, एक तुटकी बाजाची पेटी आणि जीवशास्त्राचा सांगाडा होता. ही खोली सहावीच्या वर्गाला लागूनच. दोन्हींमध्ये भिंत, आणि भिंतीत वर हवेसाठी जाळी. कवायत सरांचा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घडवलेला. जाळी त्याला काय अडवणार!

डबा बाई बाहेर व्हरांड्यात पहाऱ्यावर होत्या. घंटा झाली आणि आतून तोफ सुटली.

"प्रश्नऽऽ पहिला! सावधान!"

चौकशीचा बारीक आवाज आला, "सर, सावधान प्रश्नपत्रिकेत आहे का?"

"नाही. ते माझं. रद्द! प्रश्न पहिला! ओले कपडे! वाऱ्यावर! लवकर का वाळतात! कारणऽऽ सांगा!"

बाईंनी खिडकीतून वर्गात पाहिलं. मागच्या बाकांवर काहीतरी घडत होतं. तिथे बसणारी मुलं एरवी प्रश्नपत्रिका मिळाली की तिची होडी करता येईल का ते बघत. आज त्यांच्या माना जाळीकडे वळल्या होत्या. एकेकाच्या चेहऱ्यावर आश्चर्य पसरत होतं आणि पेनं चालायला लागली होती. पहिल्या बाकावरची, दरवर्षी पहिला नंबर काढणारी मुलगी मात्र दोन्ही कानांत बोटं घालून बसली होती, आणि बोटं कानात असल्यामुळे तिला लिहिता येत नव्हतं.

निकाल लागला तेव्हा शाळेत हाहाकार झाला. चौकशी विज्ञानात पास झाली, चांगल्या गुणांनी. यावर कुणी काही बोललं नसतं. पण तिच्याबरोबर मागचे दोन बाकच्या बाक पास झाले. आणि पहिल्या नंबरची मुलगी घसरली.

"घोटाळा!" मोठे सर म्हणाले. "पेपर फुटला. जाळीतून फुटला! मूळ त्या खोलीत आहे. तिथल्या मुलीचा पेपर रद्द. आणि रद्द म्हणजे शून्य, शून्य म्हणजे टाकीमागे. सोमवारपासून."

तीच समिती पुन्हा बसली. मागच्या बाकावरच्या एका मुलाला उभं केलं. त्याला सगळे 'होडी' म्हणत, कारण वर सांगितलेलंच.

"जाळीतून तू काय ऐकलंस?" सरांनी दरडावून विचारलं.

"प्रश्न सर."

"आणि उत्तर?"

"उत्तर नाही ऐकलं सर. उत्तर मला येत होतं."

"येत होतं? मग आजवर कधी लिहिलं नाहीस ते?"

होडीने पाय बदलला. "सर, आजवर प्रश्न काय आहे तेच कळत नव्हतं."

हेडक्लार्कने टाचणी लावता लावता ती बोटात टोचून घेतली. डबा बाईंच्या मनात काहीतरी टोचलं, ते वेगळं. चौकशीचा कागद त्यांच्याकडे होता, पण होडीचा कुठे होता? त्याला कुणी तपासायला नेलंच नव्हतं. कदाचित तपासण्यासारखं काही नसेलही. वाचन कच्चं असेल, घरात भाषा वेगळी असेल, नाहीतर बारीक छापाला तो आधीच हरत असेल. कारणं दहा असतील, दार एकच बंद होतं.

त्यांना घरच्या सासूबाई आठवल्या. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून रोज कुणीतरी वर्तमानपत्र वाचून दाखवी. पण मतं सगळी त्यांची स्वतःची, आणि वाचून दाखवणाऱ्याला त्या वादात रोज हरवत. त्यांना कुणी कधी टाकीमागे बसवलं नव्हतं. कुणाची टाप होती!

"सर," बाई म्हणाल्या, आणि आपलाच आवाज ऐकून दचकल्या. "प्रश्न तर सगळ्यांच्या हातात छापलेला होताच. तो वाचला तर परीक्षा आणि ऐकला तर घोटाळा?"

"ऐकणं ही सवलत आहे. सवलत एकीला मंजूर होती."

"पेपर कशाचा होता सर?"

"विज्ञानाचा."

"वाचनाचा नव्हता ना? वाचनाच्या परीक्षेत मी तिला कधीच वाचून दाखवणार नाही, तिथे तिला स्वतःच वाचावं लागेल, आणि ते आम्ही रोज शिकतोय. पण कपडे का वाळतात हे तिला माहीत आहे की नाही, एवढंच मला तपासायचं होतं. होडीचंही तेच."

मोठ्या सरांनी टेबलावर बोटं वाजवली. स्वेटर वाटले त्या दिवशी त्यांचा चेहरा असाच दिसत होता.

"ठीक आहे. सगळ्यांना सारखं! पेपर पुन्हा होईल. एक तर कुणालाच वाचून दाखवायचं नाही, किंवा सगळ्यांना. बोला बाई, काय करायचं?"

"सगळ्यांना," बाई म्हणाल्या. पदर सावरायचं राहूनच गेलं.

झालं. फेरपरीक्षेच्या दिवशी मैदानावरचा कर्णा वर्गात आणून टांगला आणि कवायत सरांच्या हातात माईक दिला. ज्या माणसाला माईकची गरज नव्हती त्याच्या हातात! पहिला प्रश्न सुटला तसे छपरावरचे पारवे उडाले आणि शेजारच्या शाळेतल्या मुलांनीही म्हणे उत्तर लिहिलं. पहिल्या नंबरची मुलगी ढसाढसा रडू लागली. दुसरा एक मुलगा म्हणाला, "सर, मी पाचव्या प्रश्नावर आहे, तुम्ही दुसरा वाचताय!" चौकशी उभी राहून म्हणाली, "सर, दुसरा पुन्हा वाचता?" आणि निम्मा वर्ग ओरडला, "नको!"

मोठे सर दारात उभे होते. हतबुद्ध. "आता काय? सगळ्यांना सारखंच तर दिलं!"

"तेच तर सर," डबा बाई म्हणाल्या. "ते स्वेटरसारखं झालं."

सरांनी टांगलेल्या कर्ण्याकडे पाहिलं. स्वेटरचं दुःख त्यांनाही होतं, फक्त त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"प्रश्न सगळ्यांना तेच राहू द्या," बाई हळूच म्हणाल्या. "तपासणीही तीच. तिथे काडीची सूट नको. पण पोचायची वाट ज्याची त्याला निवडू द्या. ऐकायचं त्याने त्या खोलीत जावं, शांत वाचायचं त्याने इथे बसावं. उत्तर कुणी लिहील, कुणी आकृती काढून नावं देईल, कुणी तोंडी सांगेल. विज्ञान बरोबर असेल तर वेलांटीचे गुण कापायचे नाहीत. आणि अर्धा तास सगळ्यांनाच ठेवा, ज्याला नको तो उठेल. हे आधीच मांडून ठेवलं तर प्रत्येकाला कागद घेऊन आपल्या दारात यावं लागणार नाही. तरीही चौकशीसारख्या एखादीला जास्तीचं काही लागलं, तर ते वेगळं द्यावंच लागेल."

"म्हणजे," सर सावकाश म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला, "निवडायची मुभा सगळ्यांना सारखी!"

"अगदी सारखी सर."

"हे मी आधीच म्हणत होतो!"

बाईंनी ते नाकारलं नाही. एवढी समज त्यांना संसाराने दिली होती.

तरी या नव्या पद्धतीने पेपर पुन्हा घेतला त्या पहिल्या दिवशी गोंधळ उडालाच. ऐकणारे इतके निघाले की खोलीत मावेनात, म्हणून वर्ग ऐकणाऱ्यांना दिला आणि शांतता हवी असणारे क्रीडासाहित्याच्या खोलीत गेले. जाळीवर एक गादी उभी करून बांधली. पहिल्या नंबरची मुलगी सांगाड्याशेजारी बसली आणि म्हणाली, "बाई, मला कायम इथेच बसवा. हा काही बोलत नाही." कवायत सरांना बाईंनी शपथ घालून कुजबुजायला लावलं होतं. त्यांची कुजबुज म्हणजे इतर माणसांचं साधं बोलणं, त्यामुळे ते अगदी माफक झालं.

चौकशीने पहिल्या प्रश्नाला कपड्यांची दोरी काढली, कपड्याजवळची ओलसर हवा बाणांनी दूर ढकलली, कोरडी हवा आत आणली आणि खाली तीन शब्द लिहिले. तिन्ही अशुद्ध, आणि उत्तर पूर्ण बरोबर. सोमवार आला आणि गेला. ती पहिल्यासारखीच तिसऱ्या बाकावर बसून विचारत होती, "बाई, सांगाड्याला गुदगुल्या का होत नाहीत?" होडीला बाईंनी शाळा सुटल्यावर वाळूच्या डब्याशी बोलावून घेतलं. टाकीमागच्या वर्गाचं पुढे काय करायचं, यावर सरांची एक समिती बसली आहे असं कळतं.

गंमत झाली ती वार्षिक परीक्षेला. अज्ञानाची मान्यता दर परीक्षेला नवी करून घ्यावी लागते असा सरांचाच नियम. कवायत सर पुन्हा समितीपुढे छाती काढून उभे राहिले.

"पाणी कशापासून बनतं?"

कवायत सर घुटमळले. त्यांनी केविलवाण्या नजरेने बाईंकडे पाहिलं. खोटं बोलणं त्यांच्या शिस्तीत नव्हतं.

"हायड्रोजन आणि ऑक्सिजन सर."

"आणि चंद्र?"

"सूर्याचा प्रकाश परावर्तित करतो सर."

मोठ्या सरांनी डोक्याला हात लावला. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही सर. मुलांना तीन-तीनदा वाचून दाखवलं आणि मुलं तोंडी उत्तरं सांगत होती. कानावर पडलं."

मान्यता रद्द झाली. संध्याकाळी कवायत सर सहावीच्या वर्गात आले तेव्हा चौकशी वाळूत बोट फिरवत होती आणि बाई डबे आवरत होत्या. त्यांनी खिशातून ते जुनं, घडी पडलेलं पत्र काढलं.

"हे आता खोटं ठरलं बाई. फाडून टाकू?"

"थांबा सर!" चौकशीने हात पुढे केला. "मी वाचू?"

चौकशीने पत्र बाकावर सपाट केलं आणि ओळीखाली बोट ठेवलं. एक शब्द तोडला, जोडला, पुढचा घेतला. एका जोडाक्षराशी बराच वेळ अडली. कवायत सरांच्या ओठांवर तो शब्द आला, पण बाईंनी डोळे वटारले तसा त्यांनी शिट्टी तोंडात घालून तोंड बंद केलं. तिने बोटाने वाळूत ते अक्षर काढलं, पुटपुटली, आणि पुढे गेली. बाहेर शिपाई दारं लावत होता. तो याही दाराशी आला आणि कुलूप हातात धरून तसाच उभा राहिला.

ती शेवटच्या शब्दापर्यंत पोचली. या वेळी सुरुवात विसरली नव्हती.

"सर," ती खालच्या तीन सह्यांवर बोट ठेवत म्हणाली, "पण हे मान्य करायला तीन माणसं कशाला लागली?"

कवायत सरांच्या तोंडातली शिट्टी आपोआप वाजली.